सातवा कोर्स आणि चार तारखा

"मी आजवर सात ऑनलाइन कोर्स घेतले आणि त्यांतला एकही पूर्ण केला नाही. पहिला आठवडा रोज रात्री नेमाने बसते, मग एखादा दिवस चुकतो आणि त्यानंतर ते पान उघडायचीच लाज वाटते. माझ्यात चिकाटीच नाही का?"

या बाई एका कार्यालयात हिशेबाचे काम करत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. पहिल्या भेटीत चिकाटीचा विषय मी बाजूला ठेवला आणि सातही कोर्सची प्रगती दाखवणारी पाने त्यांना उघडायला सांगितली. कोर्स नेमका कुठे सुटला, हे त्या पानांवर दिसते आणि आपल्या स्वभावाविषयी आपण जे बोलतो त्यापेक्षा ते अधिक विश्वासार्ह असते. सातांपैकी पाच कोर्स जवळजवळ एकाच जागी थांबले होते. सुरुवातीचे व्हिडिओ पाहिलेले होते, त्यांखालचे स्वाध्याय मात्र कोरे होते आणि आधीचे स्वाध्याय केल्याशिवाय ज्यातले काहीच कळत नाही, अशा पहिल्या धड्यापाशी गाडी अडली होती. बाई दमून थांबल्या नव्हत्या. न केलेल्या कामाचा हिशेब त्या धड्यापाशी एकदम पुढ्यात येत होता. शिवाय प्रत्येक वेळी त्या पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करत, त्यामुळे सोपा भाग तीनतीनदा झाला होता आणि अवघड भाग एकदाही नाही.

आम्ही सातांपैकी चार कोर्स त्याच दिवशी रीतसर सोडून दिले, म्हणजे वहीत "हा मी करणार नाही" असे प्रत्येकापुढे लिहिले. ज्याची गरज उरलेली नाही तो कोर्स सोडण्यात मला काहीही गैर वाटत नाही. तो मनात अर्धवट लोंबकळत ठेवणे अधिक महागात पडते. दोन कोर्स पुढे ढकलले आणि पायथन भाषेतून माहितीचे विश्लेषण शिकवणारा एकच हाती ठेवला.

त्यात १२ तासांचे व्हिडिओ होते. तीन आठवड्यांत उरकेल, असा बाईंचा अंदाज होता. मी त्यांना एकच धडा स्वाध्यायासह पूर्ण करून घड्याळ लावायला सांगितले. २० मिनिटांच्या व्हिडिओला ५५ मिनिटे लागली, म्हणजे पावणेतीनपट. त्या हिशेबाने १२ तासांचे ३३ तास झाले आणि त्यांच्याकडे आठवड्याला खरोखर मोकळे असणारे तास पाच होते. म्हणजे सुमारे सात आठवडे, आणि शेवटच्या प्रकल्पासाठी आणखी एक. तीन आठवड्यांच्या अंदाजाने निघालेला माणूस चौथ्या आठवड्यात स्वतःला नापास ठरवतो, वास्तविक तो तेव्हा वेळेवरच चाललेला असतो.

प्रकल्प आम्ही शेवटासाठी राखून ठेवला नाही, तो आधी ठरवला. बाईंचे भाऊ एक छोटे वाचनालय चालवत आणि पुस्तकांची देवघेव संगणकावरच्या एका तक्त्यात नोंदवत. गेल्या दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके कोणती आणि कोणत्या महिन्यांत सर्वाधिक देवघेव होते, एवढेच दोन प्रश्न आणि उत्तरादाखल दोन पानांचे टिपण, असा तो प्रकल्प होता. बाईंना त्यात वाचकांच्या आवडीनिवडी आणि पुढल्या वर्षीचा अंदाजही हवा होता. मी ते दोन्ही आग्रहाने काढायला लावले, कारण असा वाढत गेलेला प्रकल्प हेच कोर्स सुटण्याचे पुढचे कारण होते. यापुढे प्रत्येक धड्याचा स्वाध्याय आधी कोर्सच्या नमुना माहितीवर आणि मग भावाच्या तक्त्यावर करायचा, असे ठरले. व्हिडिओ नुसता पाहून पुढे जाण्याची वाट त्यामुळे आपोआप बंद झाली.

आता तारखांचे. स्वतःच ठरवलेल्या मुदती कितपत उपयोगी पडतात, यावर डॅन एरिअली आणि क्लाउस वेर्टनब्रोख यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लोक स्वतःवर मुदती घालून घेतात आणि त्यांचा फायदाही होतो, पण समान अंतराने बाहेरून घातलेल्या मुदतींइतका होत नाही, असे त्यात दिसले. पुढे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, ऑनलाइन कोर्सच्या सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांवरील एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीला आपले वेळापत्रक लिहून काढण्याचा परिणाम पहिल्या काही आठवड्यांतच ओसरलेला आढळला. म्हणून भिंतीवर वेळापत्रक लावण्यावर मी भिस्त ठेवत नाही. आम्ही दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने चार तारखा ठरवल्या आणि प्रत्येक तारखेला भावाच्या हाती काहीतरी पडेल अशी व्यवस्था केली: पहिल्या तारखेला नोंदींची नेमकी संख्या, दुसऱ्या तारखेला दुरुस्त केलेला तक्ता, तिसऱ्या तारखेला महिनावार आलेख आणि चौथ्या तारखेला टिपण. चौथी तारीख भावानेच दिली, कारण कपाटे रिकामी करायची बैठक त्याने त्यानंतरच्या आठवड्यात बोलावली होती.

बाईंनी आधी एकदा पतीशी पैज लावून पाहिली होती, की आठवडा चुकला तर दंड भरायचा. पतीने दंड कधी वसूलच केला नाही. माया करणाऱ्या माणसाकडे पहारा देऊ नये, असे माझे मत आहे. ज्याचे स्वतःचे काम आपल्यावाचून अडते, त्याला वचन द्यावे.

दुसरी तारीख चुकली. तक्त्यात तारखा दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहिलेल्या होत्या आणि बाईंचा प्रोग्राम त्यांतला महिना आधी धरून वाचत होता, त्यामुळे १२ मेची नोंद ५ डिसेंबरची होऊन बसली. अजून न उगवलेल्या महिन्यांत पुस्तके बाहेर गेलेली दिसू लागली, तेव्हा चूक ध्यानात आली. तारखा वाचणाऱ्या आज्ञेत `dayfirst=True` एवढेच घालायचे होते, पण ते सापडण्यात आणि एकाच पुस्तकाची तीन तऱ्हांनी लिहिलेली नावे जुळवण्यात सगळा आठवडा गेला. बाईंचा फोन आला, "मॅडम, मी पुन्हा तिथेच आले."

अशा वेळेसाठी आमचा एक नियम आधीच लिहिलेला होता. मधली तारीख एकदाच आणि जास्तीत जास्त तीन दिवस पुढे सरकेल, शेवटची तारीख हलणार नाही आणि तरीही काम उरले तर काम कापायचे. मी त्यांना नियम वाचून दाखवायला सांगितला. तीन दिवसांनी पुस्तकांची नावे दुरुस्त झाली होती, पण आलेखाच्या धड्यांना वेळ कमी पडत होता. तेव्हा बारा महिन्यांच्या रंगीत आलेखाऐवजी साधा स्तंभालेख करायचा ठरला. पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरुवात करण्याची इच्छा त्यांना या आठवड्यात दोनदा झाली, हे त्यांनी मला नंतर सांगितले.

हा मार्ग सर्वांना लागू पडत नाही. ज्याच्या आठवड्यात दोन तासही मोकळे निघत नाहीत, त्याच्यासाठी तारखा ठरवणे म्हणजे त्रास वाढवणे आहे. त्याने आधी वेळ मोकळा करावा किंवा लहान कोर्स निवडावा. आणि केवळ कोर्सच नव्हे, तर झोप, भूक, रोजची कामे असे सगळेच हातून सुटू लागले असेल, तर प्रश्न अभ्यासाचा नसतो आणि मी तो निराळ्या रीतीने हाताळते.

बाईंचे टिपण ठरल्या दिवशी दुपारी भावाकडे पोचले. कोर्सचे शेवटचे दोन स्वाध्याय तेव्हा बाकी होते. ते त्यांनी त्याच आठवड्यात संपवले. पुढे ढकललेल्या दोन कोर्सपैकी एक त्यांनी दोन महिन्यांनी उघडला आणि मला कळवले, की कोर्स घेण्याआधी एका धड्याची वेळ मोजली, ती साडेतीनपट निघाली आणि म्हणून तूर्त तो कोर्स घेतलेला नाही.