इलास्टेनवाला पांढरा शर्ट आणि क्लोरीन ब्लीच

"९७% कॉटन, ३% इलास्टेनचा पांढरा शर्ट क्लोरीन ब्लीचमध्ये भिजवला, तर उलट पिवळसर झाला. आणखी थोडं ब्लीच घालू का ऑक्सिजनवालं आणू?"

आणखी क्लोरीन अजिबात घालू नका. शर्टातलं कॉटन बहुधा ठीक आहे, पिवळं पडलंय ते इलास्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा धागा. पातळ केलेलं क्लोरीन ब्लीच सुती धागा थोडा वेळ सोसतो, इलास्टेन आणि नायलॉन मात्र त्यात पिवळे पडतात आणि कमजोर होतात. लोकर आणि रेशीम तर आधी पिवळं पडून मग चक्क विरघळतं.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण माझ्या अशाच शर्टाला एका लाँड्रीनं "घामाचा जुना डाग आहे" म्हणत पुन्हा क्लोरीनमध्ये टाकलं. परत आला तो आणखी पिवळा, आणि कोपराशी ताणला की तसाच ढगळ राहायचा. शिवणीजवळ केसासारखी बारीक तुटकी टोकं बाहेर आली होती, ती इलास्टेनची. तक्रार केली तर लाँड्री म्हणे कापडच खराब, दुकान म्हणे धुलाई खराब. लेबलावरचा त्रिकोण दोघांनीही पाहिला नव्हता! रिकामा त्रिकोण असेल तर कुठलंही ब्लीच चालतं, आत दोन तिरक्या रेघा असतील तर फक्त ऑक्सिजनवालं, आणि त्रिकोणावर फुली असेल तर कुठलंच नाही.

एक बघा: शर्ट रिंकल-फ्री आहे का, आणि पिवळेपणा इस्त्रीनंतर वाढला का? तसं असेल तर सुरकुत्या न पडण्यासाठी दिलेल्या रेझिननं क्लोरीन धरून ठेवलेलं असू शकतं. ते इस्त्रीच्या उष्णतेनं कापड पिवळं करतं आणि सुती धागाही कुजवतं.

आता करायचं ते असं. क्लोरीनचा वास जाईपर्यंत शर्ट साध्या पाण्यातून काढा, कारण उरलेलं क्लोरीन आणि ऑक्सिजन ब्लीच एकमेकांना निकामी करतात. मग साधारण ४ लिटर, ४० अंशांच्या पाण्यात सोडियम परकार्बोनेटची, म्हणजेच ऑक्सिजनवाल्या ब्लीचची पावडर एक मोठा चमचा पूर्ण विरघळवा आणि शर्ट काही तास बुडवून ठेवा. थंड पाण्यात ते फार संथ चालतं. इलास्टेन असल्यानं पाणी याहून गरम करू नका. धातूची बटणं असतील तर भिजवण्याआधी काढून घ्या. पावडरीच्या पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा.

घामाचा, साबणाचा पिवळेपणा यानं उतरतो. इलास्टेनचा स्वतःचा रंग बदलला असेल तर तो परत येत नाही, म्हणून दोनदा करूनही फरक दिसला नाही तर थांबा, असं माझं मत. लोकर-रेशमाला हीच पावडर वापरू नका. ती पिवळं करत नसली तरी तिच्यातल्या सोड्यानं लोकर आटते, रेशमाची चमक जाते. क्लोरीन ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. परकार्बोनेटचं उरलेलं पाणीही बाटलीत झाकण लावून ठेवू नका, आत वायू साचून बाटली फुटू शकते.