स्कूटरच्या क्लेममध्ये खिशातून किती जातील?

प्रश्न: स्कूटर २ वर्षं ४ महिन्यांची आहे, समोरून धडकली. वर्कशॉपने १३,७५० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. पॉलिसी साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे, झीरो डेप नाही. क्लेम केला तर माझ्या खिशातून अंदाजे किती जातील?

उत्तर:

साधारण पाच हजार धरून चाला. पण हा आकडा एकूण बिलापेक्षा बिलातला कोणता पार्ट कशाचा बनलेला आहे यावर जास्त ठरतो. म्हणून वर्कशॉपकडून आधी पार्टवार एस्टिमेट घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे 'लोखंड', 'प्लास्टिक' किंवा 'मजुरी' असं लिहा.

प्लास्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरी यांवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के घसारा कापतात. फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. धातूच्या पार्टवर मात्र गाडीच्या वयाप्रमाणे कापतात: सहा महिन्यांपर्यंत शून्य, एक वर्षापर्यंत ५, दोनपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५ आणि पाचपर्यंत ३५ टक्के. तुमची गाडी १५ टक्क्यांत बसते. वय अपघाताच्या दिवशीचं मोजतात, क्लेम मंजूर होतो त्या दिवशीचं नाही. मजुरीवर घसारा नसतो.

तुम्ही बिलातल्या ओळी दिलेल्या नाहीत, त्यामुळे समोरच्या धडकेत नेहमी दिसते तशी फोड धरतो; सगळे आकडे करासकट. फोर्क, हँडल आणि पत्र्याचा मडगार्ड मिळून ४,५०० रुपये, त्याचे १५ टक्के म्हणजे ६७५ तुमचे. पुढचं पॅनल, हेडलाइट, आरसा असं प्लास्टिक ५,००० चं, त्यातले २,५०० तुमचे. इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. हेडलाइटला आपण काच म्हणतो, पण आजकालच्या बहुतेक गाड्यांत ती प्लास्टिकची असते, म्हणून तिच्यावरही निम्मं कापलं जातं.

रंगकामाचं बिल १,६०० आहे असं धरू. एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा, म्हणजे ४००, रंगाच्या मालाचा मानतात आणि त्याच्यावर ५० टक्के कापतात. तुमच्यावर येतात २०० रुपये. मजुरी १,२०० पूर्ण मिळते.

उरतं ते कव्हरबाहेरचं. फोर्क ऑइल, नट-बोल्ट, क्लिपा यांचे ३५० तुमचेच, कारण कन्झ्युमेबल्स साध्या पॉलिसीत येत नाहीत. वर्कशॉपने 'आलीच आहे गाडी, तर करून टाकू' म्हणून मागचं ओरखडलेलं पॅनल १,१०० ला लिहिलं असेल, तर सर्व्हेअर ते खोडणार, कारण समोरच्या धडकेने मागचं पॅनल खराब होत नाही. शेवटी दुचाकीसाठीची सक्तीची वजावट १०० रुपये.

बेरीज: ६७५ + २,५०० + २०० + ३५० + १,१०० + १०० = ४,९२५. कंपनीकडून ८,८२५.

पॉलिसीच्या पानावर 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' ही ओळ नक्की बघा. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तिथे १,००० निवडले असतील, तर ते या १०० च्या वर कापले जातात आणि तुमचा हिस्सा ५,९२५ होतो. उलट झीरो डेप असतं तर घसाऱ्याचे ३,३७५ वाचले असते, पण उरलेले १,५५० तरीही तुमचेच राहिले असते.

आता दोन ठिकाणी काळजी घ्या. पहिलं, सर्व्हेअरने गाडी पाहण्याआधी काहीही उघडायला किंवा बदलायला सांगू नका. फोर्क काढल्यावर चेसिसचा पुढचा भाग वाकलेला निघाला, तर काम तिथेच थांबवून पुरवणी एस्टिमेट पाठवायला लावा आणि पुन्हा तपासणी मागा. आधी दुरुस्त केलेल्या पार्टचं नुकसान नंतर दाखवता येत नाही, मग ती रक्कम पूर्ण तुमच्यावर येते. दुसरं, पत्र्याचा मडगार्ड बदलण्याऐवजी ठोकून सरळ होत असेल तर तसं विचारा. तो खर्च मजुरीत जातो आणि मजुरीवर घसारा नाही.

क्लेम करायचा की नाही, हे ठरवताना नो क्लेम बोनसही धरा. आतापर्यंत क्लेम नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला तुम्हाला ओन डॅमेज प्रीमियमवर ३५ टक्के सूट मिळाली असती; ती शून्यावर येईल. ही सूट थर्ड पार्टीच्या भागावर नसते, आणि दुचाकीचा ओन डॅमेज प्रीमियम सहसा लहान असतो. त्यामुळे ८,८२५ मिळत असताना क्लेम करावा असंच माझं मत आहे. मिळणारी रक्कम हजार-पंधराशेच्या आसपास आली असती, तर मी आधी नूतनीकरणाचं कोटेशन बोनससह आणि बोनसशिवाय असं दोन्ही काढून पाहायला सांगितलं असतं.