बटण दाबून दिवा लागला, म्हणजे चाचणी झाली असे नाही

आपण नुकतीच इमारतीची जबाबदारी घेतली आहे, म्हणून आपत्कालीन दिव्यांच्या, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर लागणाऱ्या दिव्यांच्या, चाचणीबाबत सुरुवातीला एवढेच पाहावे. आपल्या नॅशनल बिल्डिंग कोडनुसार आपत्कालीन दिवे किमान 90 मिनिटे टिकले पाहिजेत. दरमहा चाचणीचे बटण अर्धा मिनिट दाबल्याने दिवा आणि जोडणी ठीक आहे एवढे कळते, परंतु थकलेली बॅटरीही तेवढा वेळ सहज तग धरते.

आमच्या तीन मजली कार्यालयात बटणावर चौदाही दिवे लागले होते. वार्षिक चाचणीत एमसीबी, म्हणजे सर्किटची वीज तोडणारा स्विच, खाली करून घड्याळ लावले, तेव्हा चाळीस मिनिटांत जिन्यातले दोन दिवे मंदावून विझले. त्यांच्या बॅटऱ्या बदलून ती चाचणी आम्ही पुन्हा घेतली.

नवखे लोक दोन चुका हमखास करतात:

- सर्व दिव्यांची पूर्ण चाचणी एकाच दिवशी घेतात. बॅटरी पुन्हा भरायला साधारण 24 तास लागतात, म्हणून एकाआड एक दिवे तपासावेत, आणि तेही सुटीच्या आदल्या संध्याकाळी.
- आपत्कालीन दिव्याला मार्गिकेच्या नेहमीच्या दिव्यांपेक्षा वेगळ्याच सर्किटवरून वीज देतात. मग फक्त मार्गिकेचा एमसीबी पडला, तर मार्गिका अंधारात राहते आणि आपत्कालीन दिवा लागतच नाही.

निर्गमन फलकांनाही हीच चाचणी लावावी, आणि प्रत्येक दिव्याला क्रमांक देऊन तो किती मिनिटे टिकला हे नोंदवहीत लिहावे.