सोलर पंपाच्या विम्याच्या अर्जात रक्कम कोणती लिहायची

प्रश्न: ५ एचपीचा सोलर पंप अनुदानातून बसवला आहे. पंप आणि पॅनलचा विमा काढायचा आहे. बिल आणि बसवल्याची माहिती जोडून अर्ज कसा करावा? जिल्हा यवतमाळ.

भाऊ, अर्जाचा नमुना कुठेही मिळेल. त्यात रक्कम चुकली तर मात्र विमा असून नसल्यासारखा होतो, म्हणून आधी तेवढंच सांगतो. "तू भरलेत तेवढ्याच पैशाचा विमा काढ, सरकारच्या पैशाचा हप्ता तू कशाला भरतोस" असं सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. त्यांच्याशी माझा वाद जुना आहे.

आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याने हेच ऐकलं. बिल ३,००,००० रुपयांचं, त्याचा १० टक्के हिस्सा ३०,०००. अर्जात त्याने विम्याची रक्कम ३०,००० लिहिली, हप्ता कमी आला, तो खूश. मे महिन्याच्या वादळात १५ पैकी ६ पॅनल फुटले. एक पॅनल ८,००० धरून नुकसान ४८,००० झालं. त्याला वाटलं, निदान ३०,००० तरी येतील. पण वस्तूची खरी किंमत ३,००,००० आणि विमा ३०,००० चा, म्हणजे किमतीच्या दहाव्या हिश्शाचाच. मग भरपाईही नुकसानीच्या दहाव्या हिश्शाइतकीच धरली जाते. ४८,००० चे झाले ४,८००, आणि त्यातून पॉलिसीत ठरलेली सुरुवातीची वजावट गेली ती वेगळीच. कंपनीने फसवलं म्हणून तो गावभर सांगत फिरला. पण कमी रकमेच्या विम्याला हाच हिशोब लावतात आणि ते कलम पॉलिसीत छापलेलं असतं. फुटलेला पॅनल बदलायला गेलात की दुकानदार पूर्ण किंमत घेतो, अनुदानातली नाही. म्हणून अर्जात अनुदानासकट पूर्ण किंमत लिहा. "किंमत ३,००,०००, पैकी लाभार्थी हिस्सा ३०,०००" असं दोन्ही स्पष्ट लिहा, म्हणजे नंतर लपवलं असं कोणी म्हणणार नाही. पॉलिसी नव्याच्या किमतीवर आहे की घसारा वजा करून, हेही एजंटाकडून लेखी घ्या.

दुसरी अडचण बिलातच असते. बऱ्याच बिलांवर "सोलर पंप संच ५ एचपी, नग १" एवढीच एक ओळ असते. मग ६ पॅनल फुटले तर एका पॅनलची किंमत कशावरून धरायची, यावर पाहणीला आलेला सर्व्हेअर अडून बसतो. पुरवठादाराकडून त्याच्या शिक्क्यानिशी फोड करून घ्या: पॅनल किती, किती वॅटचे, मोटर-पंप, कंट्रोलर, स्ट्रक्चर, केबल आणि पाइप, प्रत्येकाची वेगळी किंमत. प्रत्येक पॅनलचा सीरियल नंबर अर्जासोबतच्या यादीत हवा. मागच्या बाजूचं स्टिकर दोन उन्हाळ्यांत पुसट होतं, तेव्हा आजच फोटो काढा. काचेच्या आत बारकोड दिसत असेल तर तोही घ्या. चोरीच्या दाव्यात तुमचाच पॅनल गेला हे या नंबरावरूनच सिद्ध होतं.

बसवल्याच्या माहितीत काम पूर्ण झाल्याची तारीख, गट नंबर, विहीर की बोअर, पंप किती फुटांवर सोडला, अर्थिंग आणि वीजरोधक आहे का, एवढं लिहा. पायाचे फोटो विसरू नका. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यात उथळ पाया हलला की स्ट्रक्चर आधीच कललेलं असतं. मग वादळात ते पडलं तरी कंपनी "पाया सदोष होता" म्हणू शकते. विमा काढतानाचा सरळ उभ्या खांबांचा, तारखेसह फोटो असला की त्या म्हणण्याला उत्तर देता येतं. बिलावर वडिलांचं नाव आणि सातबारा तुमच्या नावावर असेल तर वारसाचा फेरफार अर्जासोबतच जोडा, दाव्याच्या वेळी नव्हे.

चोरीचं कलम नीट वाचा. काही पॉलिसींत कुलूप किंवा दार फोडल्याशिवाय चोरी मानत नाहीत, आणि वावरात उघड्यावर उभ्या पॅनलला दार कुठून असणार? "उघड्या शेतातून चोरी" समाविष्ट आहे, हे लेखी मागा. पाणी आटल्यावर पंप कोरडा चालून मोटर जळली तर ते आग-वादळाच्या विम्यात येत नाही, त्यासाठी यंत्र बिघाडाचं वेगळं संरक्षण लागतं.

आणि हे खरं तर आधीच सांगायला हवं होतं: अनुदानाच्या योजनेत बसवलेल्या संचाला पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह मिळते. तुमची पाच वर्षं संपली नसतील तर नवा हप्ता भरण्याआधी पुरवठादाराकडून त्या पॉलिसीची प्रत मागा, त्यात तुमचा गट नंबर आणि मुदत बघा. एकाच वस्तूचे दोन विमे काढून भरपाई दुप्पट होत नाही, दोन्ही कंपन्या वाटून देतात.