निरोपाचा मेल आणि नावांची यादी

प्रश्न: पुढच्या शुक्रवारी माझा कंपनीतला शेवटचा दिवस आहे (हिंजवडी, आयटी). सगळ्या टीमला निरोपाचा मेल कसा लिहू? कोरडा नको, पण फार भावुकही नको.

नावांची यादी घालू नका. बाकीचं नंतर.

मी टेस्टिंगमध्ये आहे. आधीच्या कंपनीत आमच्या टीममधला एक सीनियर डेव्हलपर सोडून गेला, तेव्हा त्याने पानभर मेल लिहिला होता. आर्किटेक्टपासून नुकत्याच लागलेल्या फ्रेशरपर्यंत प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाला एकेक विशेषण. टेस्टिंगच्या आम्हा तिघींचा पत्ताच नाही. शेवटी एक ओळ, 'ज्यांची नावं राहिली असतील त्यांचेही आभार'. याच्या रिलीजसाठी आम्ही शनिवारच्या रात्री जागून रिग्रेशन केलं, पॅन्ट्रीतल्या मशीनचा तो गोडमिट्ट चहा पहाटे याच्याच बरोबर प्यायलो, आणि आम्ही 'राहिलेल्यां'त! पुढे एकदा बोलून दाखवलं, तर म्हणे, 'तू फार मनाला लावून घेतेस. नावं नसली तर तो मेल कसला, ते सर्क्युलर.'

मी निघाले तेव्हा मुद्दाम एकाही नावाशिवाय लिहिला. मूळ मेल इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा:

'नमस्कार. आज माझा इथला शेवटचा दिवस. रिलीज अडकलं की चूक कुणाची हे न विचारता सगळे आधी बग शोधायला बसायचे, ही सवय मला या टीमने लावली आणि ती मी सोबत नेतेय. पहाटेचा मशीनचा चहा मात्र इथेच ठेवून जातेय. टेस्ट केसेस आणि रिग्रेशनची यादी शेअर्ड फोल्डरमध्ये आहे, केटी पूर्ण झालं आहे. माझा स्वतःचा ईमेल खाली देतेय, संपर्कात राहू. सगळ्यांचे मनापासून आभार.'

संपला मेल. यातला जिव्हाळा आहे तो रिलीजच्या वाक्यात. त्या रात्री जो जो हजर होता त्याला आपलं नाव नसतानाही त्यात आपण दिसतो, आणि तसं वाक्य बाहेरच्या कुणाला लिहिता येत नाही. तुमच्या टीमचं असं एकच वाक्य शोधा, त्यालाच वेळ द्या. ज्यांचे खास आभार मानायचे त्यांना त्याच सकाळी चॅटवर वेगळ्या दोन-तीन ओळी लिहा. मॅनेजरला तर वेगळंच लिहा. मीही तसंच केलं होतं.

टीका करायची नाही हे तुम्हाला माहीत असेलच, पण ती चोरपावलांनी येते. 'या प्रोजेक्टने मला संयम शिकवला' हे वाक्य पुण्यात कौतुक म्हणून कुणीही वाचणार नाही. 'अनेक अडचणी असूनही' हेही तसलंच. तक्रारी एक्झिट इंटरव्ह्यूत सांगा. रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनलचे पैसे अजून त्यांच्याच हातात असतात, हेही ध्यानात असू द्या. सोडण्याचं कारण लिहूच नका. 'वैयक्तिक कारणामुळे' लिहिलंत की जेवणाच्या टेबलावर लग्नापासून आजारपणापर्यंत सगळे तर्क होतात. नव्या कंपनीचं नाव तिथे रुजू झाल्यावर कळू दे.

वेळेचं म्हणाल तर शेवटच्या दिवशी सकाळीच पाठवा. बऱ्याच ठिकाणी दुपारी लॅपटॉप जमा केला की आयडी बंद होतो, मग लोकांची उत्तरं येतात आणि वाचायला तुम्ही नसता. माझ्याबरोबर निघालेल्या एकाने मेल संध्याकाळसाठी ठेवला होता, तो ड्राफ्टमध्येच राहिला. पन्नास-शंभर जणांना पाठवणार असाल तर To मध्ये स्वतःला आणि बाकी सगळ्यांना Bcc मध्ये ठेवा. कुणी Reply All केलं तरी ते तुम्हालाच येतं, नाहीतर 'ऑल द बेस्ट'चा पाऊस अख्ख्या मजल्यावर पडतो. क्लायंटला या यादीत घालू नका, त्यांना कसं आणि कधी कळवायचं ते मॅनेजर ठरवतो.

तो सीनियर अजून जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे आणि माझा मेल 'नोटीस बोर्ड'सारखा होता असं अजून म्हणतो. त्याच मेलला आलेली उत्तरं मी त्याला दाखवलेली नाहीत. त्यातलं सगळ्यात लांब उत्तर चहाबद्दलच होतं, सपोर्टच्या एका मुलाचं, ज्याच्याशी माझं एरवी कामापुरतंच बोलणं होतं.

हां, टीम पाच-सहा जणांचीच असेल तर माझं म्हणणं थोडं सैल करते, तिथे नावं नसली तर खरंच विचित्र वाटेल. तेव्हा सगळ्यांची घाला, पाठवण्याआधी टीमच्या यादीशी ताडून बघा आणि अकारविल्हे लावा, म्हणजे कोण आधी आणि कोण नंतर याचा हिशोब कुणी मांडत बसणार नाही.