क्वार्टरने पोट भरतं, अंग भरत नाही

प्रश्न: बाबा रोज रात्री एक क्वार्टर घेतात आणि जेमतेम दोन घास जेवतात. तरी पोट सुटलंय, पाय मात्र बारीक झालेत आणि चालताना तोल जातो. असं कसं होतं?

मी कुडाळला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तुमच्या बाबांसारखे एक काका गेल्या पावसात, मासेमारी बंद असताना, माझ्याकडे आले होते. होडीवर तांडेल. म्हणाले, "मी जेवतंय खंय? तरी प्वाट वाढताच आसा."

त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. क्वार्टर म्हणजे 180 मिली. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे त्यात सुमारे 77 मिली शुद्ध अल्कोहोल. वजनात ते साधारण 60 ग्रॅम भरतं आणि एका ग्रॅममागे 7 कॅलरी मिळतात. झाल्या सव्वाचारशे. तांदळाच्या दोन मोठ्या भाकऱ्यांएवढ्या. वर मूठ-दोन मूठ फरसाण असेल तर आणखी दोन-अडीचशे.

भाकरीच्या कॅलरी शरीर साठवू शकतं, अल्कोहोल साठवता येत नाही. त्यामुळे यकृत बाकी कामं बाजूला ठेवून आधी ते जाळतं. तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम या वेगाने क्वार्टर संपायला जवळजवळ सगळी रात्र जाते. तेवढा वेळ चरबी जळणं मंदावतं, आणि चखण्यातलं तेल पोटावर आणि यकृतात साठत जातं. म्हणून जेवण कमी असूनही पोट सुटतं.

पाय बारीक होण्यामागे एक कारण म्हणजे या कॅलरींबरोबर प्रथिनं येत नाहीत, दुसरं म्हणजे जीवनसत्त्वं. त्यातलं बी1, म्हणजे थायमिन, मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटतं. भात-भाकरीपासून ऊर्जा काढायला, मेंदू आणि नसा चालवायला ते लागतं. दिवसाची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास. अंगातला सगळा साठा 30 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे पुरवठा थांबला की दोन-तीन आठवड्यांत संपतो. दारू लहान आतड्यातून बी1 आत घेणारी वाटच अडवते. म्हणजे जे दोन घास पोटात जातात, त्यातलंही पूर्ण रक्तात पोचत नाही. त्यात मॅग्नेशियम लघवीवाटे जास्त जातं, आणि ते नसेल तर आत गेलेलं बी1 नीट कामाला येत नाही.

त्या काकांच्या घरात आणखी एक गोष्ट सापडली. पूर्वी उकड्या तांदळाची पेज असायची. सुनेने पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ आणायला सुरुवात केली होती आणि भाताचं पाणी ओतून टाकत होती. उकड्या तांदळासाठी भात सालासकट उकडतात, तेव्हा कोंड्यातलं बी1 दाण्याच्या आत मुरतं, म्हणून कांडल्यावरही बरंच टिकतं. पांढऱ्या तांदळात ते कोंड्याबरोबर निघून जातं, आणि उरलंसुरलं ओतलेल्या पाण्यात. पेज पुन्हा सुरू करायला मी सांगितलं, पण नुसत्या पेजेने भागत नाही हेही सांगितलं. आतडंच घेत नसेल तर डॉक्टरांना बी1 इंजेक्शनने द्यावं लागतं.

दुसरं फोलेट. पालेभाज्या, चवळी यांतलं हे जीवनसत्त्व दारूमुळे कमी शोषलं जातं आणि लघवीतून जास्त जातं. रक्ताच्या साध्या तपासणीत एमसीव्ही नावाचा आकडा बघा. तो 100 च्या वर असेल तर तांबड्या पेशी फुगून मोठ्या झाल्यात. त्या काकांचा 108 होता, हिमोग्लोबिन साडेनऊ. मात्र मेडिकलमधून परस्पर फोलिक अॅसिडच्या गोळ्या आणू नका. बी12 कमी असेल तर गोळ्यांनी रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. आधी बी12 तपासून घ्या.

आता तोल जाण्याबद्दल. हे मला साधं वाटत नाही, थांबू नका. सोबत एकाची दोन दिसणं, डोळे थरथरणं किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. बी1 संपल्याने मेंदूला इजा होत असल्याची ती खूण असते, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं तर बराचसा भाग सावरता येतो. तोवर घरी दारू एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याला अचानक बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत थरकाप, फिट येऊ शकते. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि एक गोष्ट लाज न धरता बोला. अशक्तपणा म्हटला की आपल्याकडे ग्लुकोजची सलाईन लावायचा आग्रह होतो. अंगात बी1 नसताना नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं आणि प्रकृती बिघडू शकते. म्हणून सुई लावण्याआधीच सांगा, "हे रोज क्वार्टर घेतात, जेवण नाही, आधी बी1 द्यायचं का?"