फॉलोअर्सचा टप्पा गाठलास, आता आभाराची पोस्ट अशी लिही

अभिनंदन गं! तुझ्या रेसिपीच्या पेजसाठी आभाराची पोस्ट आणि सोबत गिव्हअवे कसा करायचा विचारलंस ना, तर पोस्टमध्ये फॉलोअर्सचा आकडा एकदाच लिही आणि लगेच लोकांकडे वळ. नुसतं 'सगळ्यांचे आभार' कुणाला लागत नाही, त्यापेक्षा 'मीठ कधी घालायचं हे तुम्ही विचारलंत म्हणून मी व्हिडिओत मापं लिहायला लागले' असं खरं काहीतरी लिही, वाचणाऱ्याला कळतं की आपली कमेंट हिने वाचलीय.

गिव्हअवे छोटाच ठेव, मापाच्या चमच्यांचा सेट चालेल, फुटत नाही आणि पार्सल हलकं जातं. शेवटची तारीख, वेळ, कुठपर्यंत पाठवणार आणि कुरियरचा खर्च तुझा, हे पोस्टमध्येच लिही. 'स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा' किंवा 'मित्रांना टॅग करा' अशी अट फेसबुकवर घालू नकोस, त्यांच्या नियमात बसत नाही. त्यापेक्षा पुढची कुठली रेसिपी हवी ते कमेंटमध्ये विचार, म्हणजे पुढचे विषयही मिळतात. एका माणसाची एकच कमेंट धर, सगळ्यांना नंबर दे आणि चिठ्ठी काढतानाचा व्हिडिओ टाक.

सगळ्यात जपायचं ते फेक अकाउंटपासून. तुझाच फोटो लावून, नावात एखादा डॉट वाढवून कोणीतरी कमेंट करणाऱ्यांना 'तुम्ही जिंकलात, डिलिव्हरी चार्ज भरा' असे मेसेज पाठवतं, आणि लोक तुझ्यावरच्या विश्वासाने पैसे भरतात. म्हणून अगदी वरच लिही: 'विजेत्याचं नाव फक्त याच पेजवर जाहीर होईल, मी पैसे, लिंक, ओटीपी काहीही मागणार नाही.' हेच कमेंटमध्ये पिन कर, आणि तसं अकाउंट दिसलं की आधी स्क्रीनशॉट, मग रिपोर्ट.